निकालाआधीचे दोन दिवस

कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत चित्रपट दाखवून झाला, की दिग्दर्शकाच्या हाती काहीच उरत नाही. संकलन बदलता येत नाही, परीक्षकांशी त्याबद्दल बोलता येत नाही. निकाल कोणत्या संध्याकाळी लागणार हे ठाऊक असते, पण तो काय असेल याची चाहूल त्या दिवशीच्या दुपारपर्यंत लागत नाही. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईच्या पायल कपाडिया यांच्या वाट्याला हा काळ आला. त्यांचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ हा चित्रपट २३ मे रोजी तिथे पहिल्यांदा दाखवला गेला आणि पारितोषिके २५ मेच्या संध्याकाळी जाहीर झाली. हा त्यांचा पहिला कथापट. कानच्या मुख्य स्पर्धेत त्याआधीचा भारतीय चित्रपट होता १९९४ सालचा, शाजी करुण यांचा ‘स्वाहम्’. मधली ३० वर्षे कोरडी गेली होती.

चित्रपटाची गोष्ट मुंबईत घडते. प्रभा आणि अनू या केरळहून आलेल्या दोन परिचारिका एकाच खोलीत राहतात. पार्वती त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करते. प्रभाचा नवरा लग्नानंतर लगेच जर्मनीला गेला आणि हळूहळू त्याचे फोन बंद झाले. एके दिवशी दारात एक पार्सल येते. त्यात जर्मन बनावटीचा भात शिजवण्याचा कुकर असतो, पण सोबत चिठ्ठी नसते. पार्वतीची कथा मुंबईकर मराठी वाचकाला सांगावी लागणार नाही अशी आहे. नवरा गिरणी कामगार होता, तो गेला. खोली आपली असल्याचा कागद हाती नाही आणि बिल्डरला जागा हवी आहे. ती सामान बांधून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते आणि चित्रपटाचा उत्तरार्ध तिथल्या समुद्रकाठी घडतो. कनी कुसृती, दिव्या प्रभा आणि छाया कदम या तिघींनी या भूमिका केल्या आहेत. संवाद मल्याळम, हिंदी आणि मराठीत आहेत.

पायल कपाडिया यांना ‘पहिलटकर’ म्हणावे का, हा प्रश्न महोत्सवाच्या भाषेत वाटतो तेवढा सोपा नाही. त्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकल्या. विद्यार्थिदशेतला त्यांचा ‘आफ्टरनून क्लाउड्स’ हा लघुपट २०१७ मध्ये कानच्या विद्यार्थी विभागात होता. २०२१ मध्ये ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ हा त्यांचा दीर्घ माहितीपट कानमध्येच ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ या विभागात दाखवला गेला आणि त्याला सर्वोत्तम माहितीपटाचे ‘लॉई दॉर’, म्हणजे सोनेरी डोळा, हे पारितोषिक मिळाले. कान महोत्सव पहिल्या चित्रपटासाठी ‘कॅमेरा दॉर’ नावाचे वेगळे पारितोषिक १९७८ पासून देतो. त्यासाठी एक तास किंवा त्याहून मोठा असा दिग्दर्शकाचा अगदी पहिला चित्रपट लागतो. माहितीपटही त्यात धरला जातो. त्यामुळे २०२४ मध्ये कपाडिया या पारितोषिकाच्या शर्यतीत नव्हत्याच. पहिला कथापट घेऊन त्या थेट मुख्य स्पर्धेत उभ्या होत्या आणि तिथे वयाची, अनुभवाची किंवा पहिलेपणाची सवलत कुणालाच नसते. त्या वर्षी त्याच स्पर्धेत फ्रान्सिस फोर्ड कपोला आणि डेव्हिड क्रोननबर्ग यांचे चित्रपटही होते.

कॅमेरा दॉरची वाट पाहणे हा निराळा अनुभव असतो. हे पारितोषिक कुठल्या एका विभागापुरते नसते. मुख्य स्पर्धा, ‘अन सर्टन रिगार्ड’, डायरेक्टर्स फोर्टनाइट, क्रिटिक्स वीक अशा सगळ्या विभागांतले पहिले चित्रपट एकत्र धरले जातात आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र परीक्षक मंडळ असते. मीरा नायर यांना १९८८ मध्ये ‘सलाम बॉम्बे’साठी तो मिळाला. मुंबईच्या रस्त्यांवरची खरीखुरी मुले, त्यांच्यासाठी घेतलेली अभिनयाची कार्यशाळा आणि सोबत नाना पाटेकर, रघुवीर यादव यांच्यासारखे नट असा तो चित्रपट होता. तो फोर्टनाइट विभागात दाखवला गेला होता. हा विभाग मुळात स्पर्धेचा नाही. अशा विभागात असणाऱ्या दिग्दर्शिकेच्या दृष्टीने शेवटच्या संध्याकाळी मुख्य मंचावर आपले नाव येण्याचा जवळजवळ एकच मार्ग म्हणजे कॅमेरा दॉर.

निकालाची वाट पाहणे खरे तर प्रदर्शनाच्या दिवशी सुरू होत नाही. कानकडे दरवर्षी दोन हजारांहून अधिक दीर्घ चित्रपट येतात. त्यांतून निवडलेल्यांची नावे महोत्सवाचे मुख्य निवडकर्ते तिएरी फ्रेमो एप्रिलमध्ये पॅरिसच्या पत्रकार परिषदेत वाचून दाखवतात. २०२४ च्या मुख्य स्पर्धेत शेवटी २२ चित्रपट झाले. नाव जाहीर झाल्यापासून प्रदर्शनापर्यंत साधारण पाच-सहा आठवडे मिळतात आणि अनेक चित्रपट याच आठवड्यांत पुरे होतात. ध्वनीचे अंतिम मिश्रण व्हायचे असते, रंग जुळवायचे असतात. फ्रेंच आणि इंग्रजी उपशीर्षके तपासायची असतात. मल्याळम, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषा आलटूनपालटून येणाऱ्या चित्रपटात तर हे काम नाजूक असते. कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलते यातच मुंबईतले परकेपण लपलेले आहे. उपशीर्षक वाचणाऱ्या परदेशी परीक्षकापर्यंत भाषा बदलल्याची ही जाणीव सहजी पोहोचत नाही.

चित्रपट दाखवण्याआधी निर्मितीची मंडळी रिकाम्या सभागृहात पडद्यावर काही मिनिटे आपला चित्रपट लावून पाहतात. प्रकाश किती, आवाज किती, उपशीर्षक पडद्यावर कुठे येते, एवढेच तपासायचे असते. लुमिएर सभागृह दोन हजारांहून अधिक खुर्च्यांचे आहे आणि भरलेल्या सभागृहात आवाज वेगळा ऐकू येतो, याचा अंदाज तेव्हाच बांधावा लागतो. दिग्दर्शिकेच्या हातातला हा शेवटचा निर्णय.

मुख्य स्पर्धेचे परीक्षक मंडळ नऊ जणांचे असते. २०२४ मध्ये अमेरिकी दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग अध्यक्ष होत्या. सोबत जपानचे हिरोकाझू कोरे-एडा, लेबनॉनच्या नदिन लबाकी, स्पेनचे हुआन अँतोनिओ बायोना, तुर्कस्तानच्या पटकथाकार एब्रू जेलान आणि लिली ग्लॅडस्टोन, इव्हा ग्रीन, पिएरफ्रांचेस्को फाविनो, ओमार सी हे चार अभिनेते होते. मंडळातल्या कुणाचाही स्पर्धेतल्या चित्रपटात सहभाग चालत नाही आणि निकाल जाहीर होईपर्यंत कुणीही आपले मत बाहेर बोलायचे नसते. बारा दिवसांत २२ चित्रपट म्हणजे रोज दोन, कधी तीन. ते मोठ्या पडद्यावर, भरलेल्या सभागृहात पाहायचे आणि अधूनमधून एकत्र बसून बोलायचे.

रोज दोन-तीन चित्रपट पाहणाऱ्या माणसाच्या मनात दहाव्या दिवशी काय शिल्लक राहते, यावर महोत्सवांच्या वर्तुळात कायम चर्चा चालते. एक मत असे, की शेवटी आलेला चित्रपट थकलेल्या डोळ्यांसमोर येतो. दुसरे मत असे, की तो आठवणीत ताजा राहतो. कपाडियांचा चित्रपट शेवटून तिसऱ्या दिवशी आला. त्याच वर्षी ‘पाम दॉर’ हे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा शॉन बेकर यांचा ‘अनोरा’ २१ मे रोजी दाखवला गेला होता आणि खास पारितोषिक मिळवणारा मोहम्मद रसुलोफ यांचा इराणी चित्रपट २४ मे रोजी, म्हणजे निकालाच्या आदल्या दिवशी. त्या वर्षी तरी उशिरा येण्याने कुणाचे नुकसान झाले नाही. मात्र एका वर्षावरून नियम काढता येत नाही.

प्रदर्शन संपले की प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात आणि चित्रपट व्यवसायातली नियतकालिके ती मिनिटे मोजतात. ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला आठ मिनिटे टाळ्या मिळाल्याची बातमी भारतभर झाली. वाट पाहणाऱ्या दिग्दर्शिकेसाठी हा सगळ्यांत फसवा आकडा आहे. कानमध्ये उभे राहून टाळ्या वाजवणे हा रिवाजच आहे. निर्मात्यांची माणसे, वितरक आणि निमंत्रित पाहुणे त्याच सभागृहात असतात, आणि कॅमेरा एकेका कलाकाराच्या चेहऱ्यावर फिरत राहतो तोवर टाळ्या चालू राहतात. परीक्षकांच्या मताशी या मिनिटांचा संबंध जोडण्यासारखे काही नाही.

दुसरा आकडा जरा अधिक विश्वासाचा वाटतो. ‘स्क्रीन इंटरनॅशनल’ हे व्यावसायिक नियतकालिक महोत्सवाच्या काळात रोज निघते. वेगवेगळ्या देशांतले समीक्षक प्रत्येक स्पर्धा-चित्रपटाला चारपैकी गुण देतात आणि त्यांची सरासरी त्यात छापली जाते. हॉटेलच्या न्याहारीच्या टेबलावर, रांगेत, कॅफेत सगळे तो तक्ता पाहतात. पण त्यावरूनही निकाल सांगता येत नाही. २०१६ मध्ये जर्मन दिग्दर्शिका मारेन आडे यांच्या ‘टोनी एर्डमान’ला या तक्त्यात ३.७ गुण मिळाले. तोवर तेवढे गुण कुठल्याच चित्रपटाला मिळाले नव्हते. मुख्य परीक्षक मंडळाने त्याला एकही पारितोषिक दिले नाही. दोन वर्षांनी ली चांग-डोंग यांच्या कोरियन ‘बर्निंग’ने ३.८ गुणांनी तो विक्रम मोडला आणि मुख्य मंडळाकडून त्यालाही काही मिळाले नाही.

समीक्षकांना इतका आवडलेला चित्रपट परीक्षकांच्या यादीत का नसतो, याचे उत्तर दोन्ही ठिकाणी निर्णय कसा होतो यात आहे. समीक्षक एकमेकांशी न बोलता गुण देतात आणि सरासरी निघते. तिथे बहुतेकांना बऱ्यापैकी आवडलेला चित्रपट वर येतो. परीक्षक एका टेबलाभोवती बसून बोलतात, एकमेकांना पटवतात आणि शेवटी मत देतात. तिथे एखाद्या चित्रपटासाठी जीव तोडून भांडणारे दोघे-तिघे असणे हे सगळ्यांना तो ठीक वाटण्यापेक्षा मोलाचे ठरते. शिवाय त्यांच्याकडे मोजकीच पारितोषिके असतात: पाम दॉर, ग्रां प्री, दिग्दर्शन, परीक्षक पारितोषिक, पटकथा आणि अभिनेता-अभिनेत्रीची दोन. चित्रपटांची गुणवत्तेनुसार क्रमवारी लावा, असे त्यांना कुणी सांगितलेले नसते. सात खणांत सात नावे बसवायची असतात.

ही बसवाबसव ज्या नियमांत होते ते नियम निकालाचा अर्थ लावायला फार उपयोगी पडतात. पाम दॉर दोन चित्रपटांत विभागून देता येत नाही. असे शेवटचे घडले १९९७ मध्ये. तसेच एका चित्रपटाला सहसा एकच पारितोषिक मिळते. १९९१ मध्ये कोएन बंधूंच्या ‘बार्टन फिंक’ने पाम दॉर, दिग्दर्शन आणि अभिनेता अशी तीन पारितोषिके नेली होती. त्यानंतर अशा वर्षावाला आळा घालण्यात आला. आता सूट आहे ती एवढीच, की परीक्षक पारितोषिक किंवा पटकथेचे पारितोषिक मिळालेल्या चित्रपटाला महोत्सवाच्या अध्यक्षांच्या परवानगीने अभिनयाचे पारितोषिकही देता येते. पाम दॉर किंवा ग्रां प्री मिळाले, तर अभिनयाचे दार बंद. २०१३ मध्ये ‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ला पाम दॉर देताना परीक्षकांना त्यातल्या दोन्ही अभिनेत्रींचाही गौरव करायचा होता. नियम आड आला, तेव्हा त्यांनी पाम दॉरच दिग्दर्शक आणि दोघी अभिनेत्री अशा तिघांच्या नावे दिला.

२०२४ चा निकाल या नियमांसह वाचला, तर त्यातली गणिते दिसू लागतात. फ्रेंच दिग्दर्शक जाक ओडियार यांच्या ‘एमिलिया पेरेझ’ला परीक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातल्या चार अभिनेत्रींना मिळून अभिनेत्रीचे पारितोषिक. ही जोडी नियमात बसणारी होती. रसुलोफ यांच्या चित्रपटासाठी मंडळाने नेहमीच्या सात पारितोषिकांबाहेर एक खास पारितोषिक दिले. इराणमध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाल्यावर देश सोडून ते महोत्सवाला पोहोचले होते. पोर्तुगालचे मिगेल गोमेश यांना दिग्दर्शनाचे, कोराली फार्जा यांना पटकथेचे आणि जेसी प्लेमन्स यांना अभिनयाचे पारितोषिक मिळाले. ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ ग्रां प्रीच्या खणात गेला, तेव्हा कनी कुसृती, दिव्या प्रभा आणि छाया कदम यांना अभिनयाचे पारितोषिक मिळण्याची शक्यता त्याच क्षणी संपली. त्यांच्या अभिनयाबद्दल परीक्षकांचे मत काय होते, ते या निकालावरून सांगता येत नाही. नियम ठाऊक नसलेल्या वाचकाला मात्र त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्यासारखे वाटते.

हे सगळे ठरते ते शेवटच्या दिवशी. सकाळी परीक्षकांना शहराच्या गर्दीपासून दूर, टेकडीवरच्या एका व्हिलात नेतात. मोबाइल काढून घेतले जातात. महोत्सवाचे अध्यक्ष आणि मुख्य निवडकर्ते तिथे हजर असतात, पण त्यांना मत नसते. नियमात काय बसते आणि काय बसत नाही, हे सांगायला त्यांचा उपयोग होतो. बैठक काही तास चालते. निकाल ठरल्यावरही परीक्षक समारंभापर्यंत बाहेरच्या जगापासून अलग राहतात.

आणि मग फोन सुरू होतात. ज्या चित्रपटांना काही मिळाले आहे, त्यांच्या मंडळींना महोत्सवाच्या कार्यालयातून दुपारच्या सुमारास कळवले जाते, की संध्याकाळच्या समारंभाला उपस्थित राहा. जे घरी परतले आहेत त्यांना परत बोलावले जाते. कुठले पारितोषिक आहे ते सांगत नाहीत. कोणी उपस्थित राहायचे, दिग्दर्शकाने की एखाद्या नटानेही, एवढ्यावरून मंडळी तर्क करतात. पत्रकारांचेही काम त्या दुपारी हेच असते. नीसच्या विमानतळावर कोण उतरले, कुठल्या हॉटेलात कोण पुन्हा दिसले, यावरून संभाव्य विजेत्यांच्या याद्या फिरू लागतात. त्या बऱ्याचदा बरोबर येतात. मात्र त्यांतून नावे कळतात, क्रम कळत नाही.

फोन आला नाही, तर काय ते दुपारीच कळते. पहिला चित्रपट घेऊन आलेल्या दिग्दर्शिकेला याच घटकेला सर्वाधिक सांभाळावे लागते, कारण न आलेल्या फोनचा अर्थ ‘चित्रपट पडला’ असा लावला जातो. त्याच वर्षी आणि त्याच गावात याला छेद देणारे उदाहरण होते. संध्या सुरी यांचा ‘संतोष’ हा पहिला कथापट अन सर्टन रिगार्ड विभागात होता. त्यांचाही याआधीचा दीर्घ चित्रपट माहितीपटच होता. उत्तर भारतातल्या एका पोलीस शिपायाची विधवा पत्नी अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी कॉन्स्टेबल होते आणि एका दलित मुलीच्या खुनाच्या तपासात ओढली जाते, अशी त्याची कथा आहे. या विभागाचा निकाल मुख्य निकालाच्या आदल्या दिवशी लागतो. २४ मे रोजी तो लागला, तेव्हा त्यात ‘संतोष’चे नाव नव्हते. अनसूया सेनगुप्ता यांना ‘द शेमलेस’मधल्या भूमिकेसाठी अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले आणि भारतात बातम्या त्यांच्याच झाल्या. पुढे ब्रिटनने ऑस्करसाठी आपला अधिकृत चित्रपट म्हणून ‘संतोष’ पाठवला आणि तो अंतिम पंधराच्या यादीत पोहोचला. भारतात मात्र सेन्सॉर मंडळाने घातलेल्या कात्र्यांवरून त्याचे प्रदर्शन अडले. एका परीक्षक मंडळाच्या यादीत नाव नसल्याने त्या चित्रपटाची वाट बंद झाली नाही. ती बंद झाली ती अगदी दुसऱ्याच दारी.

ज्यांना फोन आला आहे, त्यांच्यासाठी सभागृहात वाट पाहण्याची दिशाच उलटते. समारंभात मानाची पारितोषिके शेवटी दिली जातात. आपल्याला काहीतरी मिळाले आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला मग दुसऱ्याचे नाव पुकारले जाणे हीच चांगली बातमी ठरते. पटकथा दुसऱ्याला गेली, म्हणजे आपण अजून पुढे आहोत. दिग्दर्शन गेले, म्हणजे आणखी पुढे. २०२१ मध्ये या रचनेचा पुरता विचका झाला होता. समारंभाच्या सुरुवातीलाच पहिले पारितोषिक कोणते, असे विचारल्यावर परीक्षकांचे अध्यक्ष स्पाइक ली यांनी थेट पाम दॉरचे नाव वाचले. ज्युलिया द्यूकुर्नो यांच्या ‘तितान’ला सर्वोच्च पारितोषिक मिळाल्याचे जाहीर होऊन गेले आणि बाकीचा सगळा समारंभ त्यानंतर पार पडला.

२५ मे २०२४ च्या संध्याकाळी असे काही झाले नाही. खालची पारितोषिके एकेक करून इतरांकडे गेली. फक्त ग्रां प्री आणि पाम दॉर उरले, तेव्हा अभिनेत्री व्हायोला डेव्हिस यांनी ग्रां प्रीसाठी पायल कपाडिया यांचे नाव पुकारले. त्यांनी तिन्ही अभिनेत्रींना मंचावर बोलावून घेतले आणि बोलताना विनंती केली, की पुढच्या भारतीय चित्रपटासाठी आणखी ३० वर्षे थांबू नका. छाया कदम यांनी त्या महोत्सवात आपल्या दिवंगत आईची साडी आणि नथ घातल्याचे नंतर सांगितले. कोकणातली पार्वती साकारणाऱ्या या मराठी अभिनेत्रीला तिथे उभे पाहणे महाराष्ट्रातल्या अनेकांसाठी त्या रात्रीची सगळ्यांत जवळची गोष्ट होती.

ग्रां प्री म्हणजे कानचे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक. त्याबद्दल आपल्याकडे बराच गोंधळ झाला, कारण १९४६ च्या पहिल्या महोत्सवात चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’लाही ग्रां प्री मिळाले होते. नाव तेच असले तरी मान वेगळा. तेव्हा तेच सर्वोच्च पारितोषिक होते आणि त्या वर्षी ते ११ चित्रपटांना विभागून दिले गेले. आजचे ग्रां प्री एकाला, क्वचित दोघांना मिळते आणि त्याच्या वर फक्त पाम दॉर असते. या अर्थाने ते मिळवणारा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ हा पहिला भारतीय चित्रपट.

एका मंडळाचा निकाल दुसऱ्या मंडळावर बंधनकारक नसतो, हे त्यानंतर काही महिन्यांतच दिसले. ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड करणाऱ्या फिल्म फेडरेशनच्या मंडळाने किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ पाठवला. चित्रपट फ्रान्ससह अनेक देशांच्या सहनिर्मितीचा असल्याने फ्रान्सच्याही प्राथमिक यादीत होता, पण तिथे ‘एमिलिया पेरेझ’ची निवड झाली. कानच्या मंडळाने ज्याला वरचे स्थान दिले, त्याच्याऐवजी खालच्या स्थानावरचा चित्रपट फ्रान्सने पुढे पाठवला. गोल्डन ग्लोबमध्ये कपाडिया यांना दिग्दर्शनासाठी नामांकन मिळाले. भारतात चित्रपट २२ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रदर्शित झाला. केरळमध्ये तो ‘प्रभयाय् निनच्चतेल्लाम्’ या नावाने आधीच सप्टेंबरमध्ये दाखवला गेला होता.

मुंबईत घडणाऱ्या आणि पहिल्यांदाच चित्रपट करणाऱ्या बाईने केलेल्या आणखी एका चित्रपटाचा निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये व्हेनिसला लागला. तिथल्या ‘ओरिझोंती’ विभागात अनुपर्णा रॉय यांना ‘साँग्ज ऑफ फरगॉटन ट्रीज’साठी सर्वोत्तम दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. त्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या ‘तितान’च्या ज्युलिया द्यूकुर्नो. त्याआधी मे २०२५ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेचे परीक्षक मंडळ ज्युलिएट बिनोश यांच्या अध्यक्षतेखाली बसले. त्या मंडळाने जाफर पनाही यांना पाम दॉर दिला. त्यातल्या नऊ परीक्षकांपैकी एक होत्या पायल कपाडिया.